७५ टक्के हजेरी: अजून किती लेक्चर बुडवता येतील?

सत्र अर्ध्यावर आलं की हा प्रश्न पडतोच, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण चुकीच्या आकड्यावरून काढतात. नियम सगळ्यांना पाठ असतो. अमुक टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. इथे ७५ टक्के धरून बोलतो. तुमच्याकडे ८० किंवा ६५ असेल तर तो आकडा घाला, रीत तीच.

लोक फसतात ते छेदापाशी. हजेरीची टक्केवारी म्हणजे तुम्ही बसलेली लेक्चर भागिले झालेली लेक्चर. बसलेली किती, ते तुमच्या हातात असतं. झालेली किती, ते अजून कोणालाच माहीत नसतं, कारण सत्र संपलेलं नाही. तरीही आपण तो आकडा ठरलेला असल्यासारखं वागतो.

एक विषय घेऊ. आठवड्याला ४ लेक्चर, सत्र १५ आठवड्यांचं, म्हणजे कागदावर ६० लेक्चर. नववा आठवडा संपलाय. मधला एक आठवडा अंतर्गत चाचणीत गेला, म्हणून प्रत्यक्षात ३२ लेक्चर झाली. त्यातली २५ तुम्ही बसलात, ७ बुडवली. आजची हजेरी ७८ टक्क्यांच्या थोडी वर. अजून किती बुडवता येतील?

हजेरी मोजणारं अ‍ॅप सांगतं १. कारण ते फक्त आजचं बघतं. पुढचं एक लेक्चर बुडवलं तर ३३ पैकी २५, म्हणजे ७५.८ टक्के; दोन बुडवली तर ३४ पैकी २५, आणि तुम्ही ७५ च्या खाली. वर्गातला हुशार मित्र सांगतो ८. त्याने ६० चे २५ टक्के काढले, १५ आले, त्यातून ७ वजा केले. दोघांचं गणित बरोबर आहे आणि दोघांची उत्तरं निरुपयोगी आहेत. अ‍ॅपला पुढची लेक्चर दिसत नाहीत, आणि मित्राने न होणारी लेक्चरही मोजली.

खरं उत्तर हवं असेल तर कॅलेंडर पुढ्यात घेऊन बोटाने मोजा. याला शॉर्टकट नाही. आधी हजेरी कोणत्या तारखेला बंद होते ते ऑफिसात विचारा. परीक्षेची तारीख वेगळी आणि ही वेगळी; पात्रतेची यादी आधी लावायची असते, म्हणून हजेरीही आधीच बंद होते. मग आजपासून त्या तारखेपर्यंत या विषयाचे वार मोजा आणि त्यातल्या सुट्ट्या, कार्यक्रम, चाचण्या खोडा. आपल्या उदाहरणात ६ आठवडे उरलेत, म्हणजे २४ लेक्चर. त्यातली ३ सुट्टीच्या दिवशी येतात आणि १ हजेरी बंद झाल्यानंतर पडतं. उरली २०. झालेली ३२ आणि होणारी २० मिळून ५२. ५२ चे ७५ टक्के म्हणजे ३९. तुम्ही २५ बसलात, अजून १४ बसायची आहेत. २० पैकी १४ बसायची, म्हणजे ६ बुडवता येतील.

१, ८ आणि ६. एकाच विद्यार्थ्याची, एकाच दिवसाची ही तीन उत्तरं.

आता ६ हाही आकडा पक्का समजू नका. सर आजारी पडतील, दुसऱ्या कामावर जातील, एखादं लेक्चर नुसतंच होणार नाही. लेक्चर रद्द झालं की वर्ग टाळ्या वाजवतो, पण हजेरीच्या हिशोबात ती वाईट बातमी असते. तुम्हाला बुडवायची मुभा एकूण लेक्चरच्या पाव भागाएवढीच. एकूण आकडा ४ ने घसरला की मुभा १ ने घसरते, आणि आधी बुडवलेली ७ मात्र ७ च राहतात. वरच्या उदाहरणात आणखी ४ लेक्चर रद्द झाली तर एकूण ४८, बसायची ३६, मुभा १२, आणि हातात उरली ५. उलट सरांनी शेवटी ४ जादा लेक्चर घेतली तर मुभा १ ने वाढते, पण ती जादा लेक्चर तुम्ही बसलात तरच त्याचा उपयोग. जादा लेक्चर सहसा अडनिड्या वेळी असतात आणि तीच बुडतात. वर्गाने ठरवून एखादं लेक्चर बुडवलं आणि सरांनी सगळ्यांची गैरहजेरी लावली, तर ते लेक्चर झालेलं धरलं जातं. त्याला रद्द म्हणत नाहीत.

म्हणून मी दोन आकडे काढायला सांगतो. एक कॅलेंडरप्रमाणे येणारा (इथे ५२) आणि एक सावध (इथे ४८). निर्णय सावध आकड्यावर घ्यायचा. ५ मिळतात, त्यातली २ ताप-सर्दीसाठी बाजूला ठेवायची. मनाने बुडवायला उरतात ३. कमी वाटतात? सहा आठवड्यांत तीन, म्हणजे दोन आठवड्यांनी एक. अंगावर येण्यासारखं काही नाही.

शीटमध्ये मांडायचं असेल तर `B1` मध्ये सत्राअखेरची एकूण लेक्चर, `B2` मध्ये लागणारी टक्केवारी आणि `B3` मध्ये आतापर्यंत बुडवलेली लेक्चर लिहा:

```
=B1-ROUNDUP(B1*B2/100,0)-B3
```

५२, ७५ आणि ७ घातलेत तर ६ येतं. उत्तर ऋण आलं तर मुभा संपलेली आहे. `ROUNDUP` मुद्दाम आहे. एकूण ५१ झाली तर ७५ टक्के ३८.२५ होतात, म्हणजे ३९ बसावीच लागतात. ३८ बसलात तर ७४.५ टक्के होतात, आणि ते कोणी ७५ करून देईल या भरवशावर राहू नका. अपूर्णांक नेहमी स्वतःच्या विरुद्ध धरा.

हे गणित प्रत्येक विषयासाठी वेगळं करा. काही ठिकाणी सगळ्या विषयांची मिळून हजेरी बघतात, काही ठिकाणी विषयवार, काही ठिकाणी दोन्ही. नियमपुस्तिकेत हे एका ओळीत लिहिलेलं असतं, ती ओळ स्वतः वाचा. सीनियर सांगतात त्यावर जाऊ नका. ‘शेवटी सगळ्यांना सोडतात’ हे सांगणारे जे सुटले तेच असतात. अडकलेले सल्ला द्यायला समोर नसतात.

विषयवार नियम असेल तर वार बघून बुडवणं महागात पडतं. आठवड्यातून एक शुक्रवार सोडला तर सहातला एकच दिवस गेला असं वाटतं. पण ज्या विषयाची आठवड्याला दोनच लेक्चर आहेत आणि त्यातलं एक शुक्रवारी आहे, त्या विषयात तुम्ही थेट ५० टक्क्यांवर असता. एकूण हजेरी ८० च्या वर दिसते आणि एका विषयात नाव अपात्रांच्या यादीत लागतं.

प्रॅक्टिकलचं आणखी वेगळं. सत्रात आपल्या बॅचची १० प्रॅक्टिकल होणार असतील तर ८ बसावी लागतात. म्हणजे मुभा फक्त २ ची, तीही सगळ्या सत्रात मिळून. शिवाय थिअरी आणि प्रॅक्टिकल एकत्र मोजत असतील तर दोन तासांचं प्रॅक्टिकल बऱ्याचदा दोन हजेऱ्या धरतं. एक बुडवलं की दोन गेल्या. बुडवायचंच असेल तर लेक्चर बुडवा, प्रॅक्टिकल नको.

आजारपणाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे: सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते. दर वेळी नाही. समजा एकूण ५२ लेक्चर झाली, तुम्ही ३६ बसलात आणि ६ आजारपणात गेली. संस्था ती ६ लेक्चर हजर धरत असेल तर ५२ पैकी ४२, जवळपास ८१ टक्के. ती ६ हिशोबातूनच काढत असेल तर ४६ पैकी ३६, म्हणजे ७८ टक्के. पण अनेक ठिकाणी यातलं काहीच करत नाहीत. तुमची हजेरी ६९ टक्केच राहते, आणि सर्टिफिकेटमुळे फक्त सवलतीसाठी अर्ज करण्याचा हक्क मिळतो. तो अर्ज मंजूर करायचा की नाही हे वरचे ठरवतात, आणि सवलतीलाही खालची मर्यादा असते. तुमच्याकडे यातलं कोणतं चालतं, हे आजारी पडायच्या आधी माहीत हवं. तुम्ही परत आल्यावर ठरलेल्या दिवसांत कागद द्यावे लागतात. सत्राच्या शेवटी एकदम दिलेल्या सर्टिफिकेटांकडे संशयानेच बघतात, आणि ते चूकही नाही. स्पर्धा किंवा शिबिराला गेलात तरी हेच: परवानगीचं पत्र जाण्याआधी, आल्यावर नाही.

प्रॉक्सीबद्दल फार बोलत नाही. सापडलात तर ती गैरहजेरी राहत नाही, गैरवर्तन होतं, आणि मग टक्केवारीचं गणित कोणी ऐकत नाही.

महिन्यातून एकदा स्वतःची नोंद सरांच्या मस्टरशी ताडून बघा. चूक बहुतेक वेळा नेमक्या जागी असते: उशिरा आलात आणि हजेरी होऊन गेली होती, बॅच बदलली पण नाव जुन्या यादीत राहिलं, प्रवेश उशिरा झाला आणि आधीची लेक्चर तुमच्या नावावर गैरहजेरी म्हणून चढली. ‘सर, माझी हजेरी कमी दिसतेय’ म्हणून जाऊ नका. तारीख आणि तास सांगा. त्या आठवड्यातली चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते. तीन महिन्यांपूर्वीची कोणाला आठवणार?

आणि मुभा आधीच संपली असेल तर हेच गणित उलटं करा. ३२ पैकी २० च बसला असाल तर हजेरी ६२.५ आहे. अ‍ॅप सांगेल की सलग १६ लेक्चर बसा, ४८ पैकी ३६ झाली की ७५ होतील. घाबरू नका, जमण्यासारखं आहे. पण सावध अंदाजाप्रमाणे उरलेली लेक्चरही १६ च आहेत, म्हणजे एकही चुकवता येणार नाही. आणि १९ बसला असाल तर सलग २० लागतात. कॅलेंडरप्रमाणे २० उरलीत, पण एक जरी रद्द झालं तरी ७५ गाठता येत नाही. अशा वेळी ‘बघू पुढे’ म्हणू नका. याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा, सवलतीची खालची मर्यादा विचारा, आणि नवं लक्ष्य त्या मर्यादेवर धरून उरलेली लेक्चर मोजा. ती मर्यादा ६५ असेल तर ५२ पैकी ३४ पुरतात, म्हणजे २० पैकी १५. उरलेल्या सहा आठवड्यांत भरलेली हजेरी अर्जासोबत दाखवता येते; यादी लागल्यावर केलेल्या अर्जासोबत दाखवायला काहीच नसतं.