कारल्याचा रस सुरू करण्याआधी गोळ्यांचं पाकीट वाचा

संकष्टीचा दिवस होता. मावशीने सकाळी नेहमीची साखरेची गोळी घेतली, त्यावर शेजारणीने सांगितला म्हणून कपभर कारल्याचा रस आणि चमचाभर जांभळाच्या बियांची पूड. उपवास म्हणून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. साडेअकराला तिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले आणि माझ्यावर उगाच चिडचिड सुरू झाली. बोटातून रक्त काढून मशीनवर पाहिलं तर साखर ५८.

मधुमेहाचा माणूस म्हटला की आपल्याला भीती असते ती साखर वाढण्याची. इथे झालं होतं उलटं. रस काढायला बसण्याआधी पुढची कामं करा, ती याच प्रसंगातून शिकलो.

आधी गोळीचं नाव वाचा. पाकिटावर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही लिहिलंय का, ते बघा. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, म्हणून बारीक अक्षरंही वाचा. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही याची वाट न बघता. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. यांच्या जोडीला साखर उतरवणारं आणखी काही घेतलं आणि जेवण चुकलं, की साखर घसरू शकते. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका बराच कमी. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध शरीरात रेंगाळतं, तिथे जास्त जपायचं.

मग डॉक्टरांना प्रमाणासकट सांगा. "थोडं कारलं घेते" एवढ्याने त्यांना काही कळत नाही. किती रस, किती वेळा, कुठली पूड, हे सांगा. कारलं आणि जांभळाच्या बिया साखर थोडी उतरवू शकतात. पण किती, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, आणि घरच्या रसाची ताकद दर वेळी सारखी नसते. म्हणून त्यांच्या भरवशावर स्वतःहून गोळी सोडू नका. जेवणातली कारल्याची भाजी बहुतेकांना चालते. रस आणि पूड ही मात्र वेगळी गोष्ट.

डॉक्टर हो म्हणाले तर एका वेळी एकच उपाय सुरू करा, तोही जेवणाबरोबर, उपाशीपोटी नाही. मावशीने दोन्ही एकदम घेतले, त्यामुळे कशाने काय झालं ते कळायला मार्गच उरला नाही. पहिले दोन आठवडे सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहा. गरोदरपणात हे रस आणि पूड घेऊ नका. दुधीचा रस कडू लागला तर लगेच ओतून द्या, त्याने विषबाधा होते.

उपवासाच्या दिवशी रस नाही, पूडही नाही. गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

साखर घसरली तर. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, बोलणं अडखळणं, यांतलं काही जाणवलं की लगेच तपासा. ७० पेक्षा कमी म्हणजे कमीच. मशीन हाताशी नसेल तर वाट न बघता उपचार करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी धडधड जाणवत नाही, पण घाम येतो.

पाण्यात तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर ढवळून प्यायला द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर पुरेशी लवकर लागू पडत नाही, तिथे ग्लुकोजच हवं. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या.

मावशीची साखर १५ मिनिटांत ७६ झाली आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तो चुकला. आम्ही तिला उपवास सोडायला लावला नाही, दोन वेफर्स खाऊन ती पडून राहिली. तीन वाजता पुन्हा ६४. मावशीच्या गोळीतल्या ग्लिमेपिराइडचा असर कित्येक तास राहतो, त्यामुळे एकदा साखर वर आली म्हणून भागत नाही. लगेच पोळी-भाजी किंवा वरण-भात द्यायचा, दर दोन-एक तासांनी तपासायचं, रात्री एकटं झोपू द्यायचं नाही. पुन्हा घसरली तर दवाखान्यात न्यायचं. आम्हीही तेव्हा नेलं.

माणूस गुंगीत असेल किंवा बेशुद्ध पडला तर तोंडात पाणी, साखर काही घालू नका, घशात अडकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

मावशीच्या डॉक्टरांनी तिची गोळी कमी केली. रस बंद झाला, कारल्याची भाजी चालू आहे. तिच्या पर्समध्ये आता ग्लुकोजची पुडी असते आणि फ्रीजवर तिच्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरांत चिकटवली आहेत.