औषधाच्या राउंडचं निरीक्षण करायला जाण्याआधी

सकाळी आठचं औषध बघायचं असेल तर साडेसातलाच वॉर्डात हजर राहा. सिस्टर ट्रॉली लावतात तेव्हापासून निरीक्षण सुरू होतं, कॉटपाशी पोचल्यावर नाही. इन्चार्ज सिस्टरना आदल्या दिवशीच कल्पना द्या. सोबत पॅड, पेन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि कोरा तक्ता. प्रत्येक पायरीसमोर तीन रकाने हवेत: हो, नाही आणि लागू नाही. तिसरा रकाना नसला की गुण खोटे पडतात. नाडी ५४ लागली म्हणून सिस्टरनी डिगॉक्सिनची गोळी थांबवून डॉक्टरांना कळवलं, तर ‘औषध वेळेवर दिलं’ इथे ‘नाही’ लिहायचं नसतं, ‘लागू नाही’ लिहायचं. तिथे सिस्टरनी काम चोखच केलेलं असतं.

ओळख पटवण्याची पायरी कान देऊन ऐका. “पाटील काका ना?” असं विचारलं तर झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. “पूर्ण नाव सांगा” म्हटलं, आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नोंदणी क्रमांक ट्रीटमेंट शीटशी जुळवला, तरच ‘हो’. कॉट नंबर ही ओळख नव्हे. कॉट रात्रीत बदलतात.

इन्सुलिनचा पेशंट राउंडमध्ये असेलच, त्याची तयारी वेगळी करा. आपल्याकडे मिलीलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशा दोन्ही बाटल्या मिळतात आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. बहुधा ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. पण टोपणावर विसंबू नका, सिरिंजवरचा आकडा वाचा. समजा शीटवर १० युनिट आहेत, बाटली १०० ची आहे आणि हातात ४० ची सिरिंज आली. दहाच्या रेघेपर्यंत ओढलं की पाव मिलीलिटर येतं, म्हणजे २५ युनिट. रेघ बरोबर दिसते, म्हणूनच ही चूक नजरेतून निसटते. उलट अदलाबदल झाली तर पेशंटला चारच युनिट जातात. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचे आकडे तुम्हाला वाचता येतील अशा बाजूला उभे राहा.

चुकीची सिरिंज दिसली तर सुई टोचण्याआधी थांबवा. “सिस्टर, एक मिनिट, बाटली परत बघूया का?” एवढं पुरे, पेशंटसमोर अधिक बोलू नका. अनर्थ टळला तरी त्या पायरीला ‘नाही’च, कारण तो तुम्ही टाळलात. हा नियम आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर वाद होतो.

सही कधी झाली तेही टिपा. ट्रॉलीपाशीच सगळ्या शीटवर सह्या उरकल्या तर ‘नाही’. दिल्यानंतर लगेच केली तर ‘हो’. बेरीज करताना ‘लागू नाही’च्या पायऱ्या वगळा: वीसपैकी दोन वगळल्या आणि पंधरा ‘हो’ आल्या, तर १८ पैकी १५. निघण्याआधी कॉटशेजारच्या लॉकरवर नजर टाका. वाटीत गोळी तशीच पडलेली दिसली, तर ‘समोर गिळल्याची खात्री केली’ यापुढे घाईत लिहिलेला ‘हो’ खोडून शेजारी वेळ लिहा.