आयात यंत्रावरचे सीमाशुल्क कसे मोजावे: कोणता कर कोणत्या रकमेवर बसतो

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत मसाल्याची पाकिटे भरणाऱ्या एखाद्या उद्योजकाने चीनहून पॅकिंगचे यंत्र मागवायचे ठरवले, की सरकारात किती पैसे भरावे लागतील हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्याच्यासमोर तीन दर असतात: मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, समाजकल्याण अधिभार १० टक्के आणि आयजीएसटी, म्हणजे आयात मालावर लागणारा जीएसटी, १८ टक्के. हे आकडे सरळ मिळवून ३५.५ टक्के धरणारे पुष्कळ आहेत, पण ती बेरीज चूक आहे, कारण हे तीन दर तीन निरनिराळ्या रकमांवर लागतात. येथे घेतलेले दर उदाहरणापुरते आहेत. आपल्या मालाचा दर त्याच्या एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून, आणि त्या वेळी लागू असलेल्या सवलतीच्या अधिसूचना पाहून ठरवावा.

आधी आकारणीयोग्य मूल्य ठरवा

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४ नुसार शुल्क बसते ते मालाच्या व्यवहारमूल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्या किंवा द्यावयाच्या किमतीवर. मात्र त्यात माल भारतातील बंदरात पोहोचेपर्यंतचे भाडे आणि विमा मिळवावा लागतो. आपल्या यंत्राची परदेशी बंदरात जहाजावर चढवून दिलेली, म्हणजे एफओबी, किंमत १०,००० डॉलर आणि समुद्रभाडे ८०० डॉलर आहे असे समजू. विमा उतरवल्याचा कागद नसेल तर २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांप्रमाणे एफओबी किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे ११२.५० डॉलर, विम्यापोटी धरले जातात. एकूण मूल्य १०,९१२.५० डॉलर झाले.

भाड्याचा कागद मात्र गहाळ होऊ देऊ नये. भाडे किती हे दाखवता आले नाही, तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे गृहीत धरले जाते. म्हणजे येथे ८०० ऐवजी २,००० डॉलर. हाच २० टक्क्यांचा आकडा विमानाने आणलेल्या मालाच्या बाबतीत आयातदाराच्या बाजूने काम करतो, कारण विमानभाडे प्रत्यक्षात कितीही झाले तरी एफओबी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक भाडे मूल्यात मिळवले जात नाही. घाईने मागवलेल्या आणि किमतीच्या मानाने विमानभाडे जास्त पडणाऱ्या सुट्या भागांना याचा चांगला उपयोग होतो.

बडोद्याच्या आयातदाराने आणखी एक बाब पाहावी. कंटेनर न्हावा शेवा किंवा मुंद्रा येथे उतरून, तेथे शुल्क न भरता, रेल्वेने बडोद्याजवळच्या आंतर्देशीय कंटेनर डेपोत आला आणि तेथे सोडवला गेला, तर बंदरापासून डेपोपर्यंतचा वाहतूकखर्च मूल्यात धरला जात नाही. जहाज कंपनीने मात्र दोन्ही प्रवासांचे भाडे एकाच आकड्यात दाखवले असेल, तर देशांतर्गत भाग वेगळा काढणे अवघड होते. म्हणून बिल बनवतानाच तो स्वतंत्र ओळीत मागून घ्यावा. यंत्र भारतात आल्यावर ते बसवून देण्याचा खर्चही किमतीपासून वेगळा दाखवलेला असेल तरच बाहेर राहतो. उलट, यंत्रासाठी लागणारा साचा आपण परदेशी उत्पादकाला फुकट पुरवला असेल, तर त्याची किंमत मूल्यात मिळवावी लागते, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

डॉलरचे रुपये करा

येथे बँकेचा दर चालत नाही, आणि आगाऊ रक्कम पाठवली त्या दिवशीचा दरही चालत नाही. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क विभागाकडे द्यायचे विवरणपत्र, दाखल केले त्या दिवशी लागू असलेला, त्या विभागाच्या आइसगेट संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेला दर घ्यावा लागतो. त्यातही आयातीचा आणि निर्यातीचा दर वेगळा असतो, तेव्हा आयातीचाच पाहावा. समजा तो ८८ रुपये आहे. मग आकारणीयोग्य मूल्य ९,६०,३०० रुपये होते.

आता एकावर एक शुल्के चढवा

मूळ सीमाशुल्क या मूल्यावर बसते: ७.५ टक्क्यांनी ७२,०२२.५० रुपये. समाजकल्याण अधिभार मालाच्या मूल्यावर नसून या शुल्कावर आहे. म्हणून त्याचे १० टक्के म्हणजे फक्त ७,२०२.२५ रुपये, जे मालाच्या किमतीच्या पाऊण टक्क्याएवढे भरतात. आयजीएसटीचा पाया मात्र सर्वांत रुंद आहे. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ३ नुसार त्यात मालाच्या मूल्याबरोबर त्यावर बसलेली सीमाशुल्केही येतात. म्हणजे शुल्कावरही कर लागतो.

९,६०,३०० + ७२,०२२.५० + ७,२०२.२५ = १०,३९,५२४.७५
१८ टक्के आयजीएसटी = १,८७,११४.४६
एकूण भरणा = २,६६,३३९.२१ रुपये

ही रक्कम आकारणीयोग्य मूल्याच्या २७.७३५ टक्के आहे. हिशेबाची वही तपासताना हा आकडा फार उपयोगी पडतो. याच दरांचा माल असताना माल सोडवून देणाऱ्या एजंटाच्या कच्च्या हिशेबात २६.२५ टक्के आले असतील, तर त्याने आयजीएसटी नुसत्या मालाच्या मूल्यावर लावला, असे समजावे. आपल्या उदाहरणात हा फरक १४,२६०.४६ रुपयांचा आहे. भाड्याचा कागद नसण्याची किंमतही यावरून काढता येते: वाढलेले १,२०० डॉलर म्हणजे १,०५,६०० रुपये, आणि त्यावरचे जादा शुल्क २९,२८८ रुपये.

मालावर प्रतिपाटन शुल्क, म्हणजे अँटी-डम्पिंग ड्युटी, लागू असेल तर तिचे स्थान नीट ओळखावे. तिच्यावर समाजकल्याण अधिभार लागत नाही, पण ती आयजीएसटीच्या पायात मिळवावी लागते. ती मालाच्या प्रकाराबरोबर देश आणि उत्पादक यांवरही ठरत असल्याने केवळ एचएस कोड पाहून ती सापडेलच असे नाही.

पहिला थर गळला तर

वरच्या थरांचा आधार खालचा थर असल्यामुळे मूळ शुल्कातली सवलत दिसते त्याहून मोठी असते. हेच यंत्र मुक्त व्यापार करार असलेल्या देशात, उदाहरणार्थ आसियान गटातील एखाद्या देशात, बनलेले असेल आणि त्यावरचे मूळ शुल्क करारानुसार शून्य होत असेल, तर अधिभारही आपोआप शून्य होतो आणि आयजीएसटी केवळ ९,६०,३०० रुपयांवर, म्हणजे १,७२,८५४ रुपये, लागतो. बचत ९३,४८५ रुपयांची झाली. त्यासाठी मूळदेशाचे प्रमाणपत्र हवे. माल त्या देशातल्या बंदरातून निघाला एवढ्याने भागत नाही, आणि २०२० च्या नियमांपासून माल तेथे खरोखर कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवणेही अपेक्षित आहे.

खर्चात किती धरायचे

एकूण भरणा म्हणजे यंत्राची वाढलेली किंमत नव्हे. जीएसटी नोंदणी असलेल्या आणि करपात्र माल विकणाऱ्या उद्योजकाला आयजीएसटीचे १,८७,११४ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून वजा करून, मिळू शकतात. मूळ शुल्क आणि अधिभार मिळून ७९,२२४.७५ रुपये मात्र परत येत नाहीत, ते यंत्राच्या खर्चातच धरावेत. हे क्रेडिट बिल ऑफ एन्ट्रीच्या आधारे मिळत असल्याने त्यावरचा जीएसटी क्रमांक माल सोडवण्यापूर्वीच जुळवून पाहावा, विशेषतः एकाच मालकाची एका राज्यात दुकान आणि दुसऱ्या राज्यात कारखाना अशी दोन नोंदणी असतील तेव्हा.