सोयाबीनच्या पानापासून जनुकांच्या आकड्यांपर्यंत: आरएनए सिक्वेन्सिंग कसं करतात

पावसाने ऑगस्टमध्ये ओढ दिली की इंदूरच्या आसपास एकच चर्चा असते: सोयाबीनच्या शेंगेत दाणा भरणार की नाही? पाणी तुटल्यावर झाड आपली काही जनुकं जोरात चालवतं, काही मंद करतं. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती बनतात. त्या मोजल्या की झाड काय करतंय याचा अंदाज येतो. आपण एक साधा प्रयोग धरू: जेएस ३३५ वाणाच्या आठ कुंड्या, माती मालव्यातली काळी, चार कुंड्यांना रोज पाणी, चारांचं पाणी तोडलेलं.

पान तोडण्याची वेळ

माझ्या मते अर्धा प्रयोग इथेच जिंकला किंवा हरला जातो. वनस्पतीला स्वतःचं घड्याळ असतं, आणि सकाळी ९ ला जोरात असलेली कित्येक जनुकं दुपारी २ ला शांत असतात. आधी पाणी दिलेल्या चारही कुंड्या आणि जेवण करून मग कोरड्या चार, असं केलं तर शेवटी दिसणारा फरक पाण्याचा की वेळेचा, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. म्हणून एक ओली, एक कोरडी, पुन्हा ओली, अशा आलटून पालटून आठही कुंड्या अर्ध्या तासात आटपायच्या. प्रत्येक झाडाचं त्याच क्रमाचं पान घ्यायचं, म्हणजे वरून तिसरं तर सगळीकडे तिसरंच. तोडलं की लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, आणि तिथून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये.

चार कुंड्या म्हणजे चार वेगळी झाडं. एकाच झाडाच्या पानाचे चार तुकडे केले तर ते चार नमुने होत नाहीत. एकच नमुना चारदा मोजला जातो.

आरएनए काढणं

आरएनए तोडणारी विकरं आपल्या त्वचेवर, टेबलावर, सगळीकडे असतात आणि उकळूनही सहजी मरत नाहीत. हातमोजे घालायचे आणि चेहऱ्याला हात लागला की बदलायचे. गोठलेलं पान वितळू न देता खलात पीठ होईपर्यंत कुटायचं. साधारण १०० मिलिग्रॅम पिठाला १ मिलिलिटर ट्रायझॉल, मग क्लोरोफॉर्म. सेंट्रिफ्यूज फिरवल्यावर नळीत थर दिसतात. वरचा स्वच्छ थर आपला. त्यात आरएनए असतो. मधला पांढुरका पापुद्रा डीएनए आणि प्रथिनांचा. तो पिपेटमध्ये ओढला जाऊ नये म्हणून वरचा थोडा थर तसाच सोडून द्यावा, लोभ करू नये. आयसोप्रोपेनॉलने आरएनए खाली बसवायचा, अल्कोहोलने धुवायचा, आणि उरलासुरला डीएनए डीएनेझने संपवायचा.

तपासणी दोन प्रकारची. प्रकाशशोषणाचं २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास हवं. आरएनए किती अखंड आहे त्याला १ ते १० मध्ये गुण मिळतात; बहुतेक लोक ७ च्या वर मागतात. पानात हरितलवकांचा आरएनएही असतो, त्याच्या जादा पट्ट्यांमुळे गुण उगाच कमी दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता आलेख डोळ्याने बघावा.

आठ नमुन्यांचा आरएनए दोन दिवसांत काढायचा असेल तर पहिल्या दिवशी दोन ओले, दोन कोरडे. दुसऱ्या दिवशीही तसंच. सगळे ओले सोमवारी आणि सगळे कोरडे मंगळवारी केले, तर पुन्हा तेच झालं.

लायब्ररी आणि वाचन

पेशीतल्या आरएनएचा बहुतांश भाग रायबोसोमचा असतो, तो आपल्याला नको. जनुकांच्या संदेशांना शेवटी ए-ए-ए-ए अशी शेपटी असते. तिला धरून ते वेगळे काढतात, तुकडे करतात, त्यांचं डीएनएत रूपांतर करून टोकांना अॅडॅप्टर आणि नमुन्याची ओळखखूण जोडतात. वाचनासाठी तयार झालेल्या या तुकड्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. हे सहसा सिक्वेन्सिंग कंपनीच करते. तिच्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: लायब्ररी दिशादर्शक आहे का, म्हणजे तुकडा डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून आला ते तिच्यातून कळतं का, आणि कोणत्या दिशेची. यंत्राने वाचलेल्या तुकड्याला रीड म्हणतात, आणि दोन्ही टोकांकडून वाचला तर जोड-रीड. नमुन्यामागे २ ते २.५ कोटी जोड-रीड्स पुरतात. पैसे उरले तर जास्त रीड्स घेण्यापेक्षा आणखी एक-दोन कुंड्या वाढवाव्यात.

रीड्स मोजणं

आलेल्या फायलींची गुणवत्ता `FastQC` ने बघायची, मग `HISAT2` किंवा `STAR` ने प्रत्येक रीड सोयाबीनच्या जीनोमवर आपल्या जागी बसवायचा. विल्यम्स ८२ या वाणाचा जीनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, संदर्भ म्हणून तोच वापरतात. मग कुठल्या जनुकावर किती रीड्स पडले ते मोजायचं:

```
featureCounts -p --countReadPairs -s 2 -t exon -g gene_id \
  -a genes.gtf -o counts.txt *.bam
```

यातला `-s` म्हणजे तीच दिशा. २ च्या जागी चुकून १ पडला तर प्रोग्रॅम कुरकुर करत नाही. फक्त जनुकांना मिळालेल्या रीड्सचं प्रमाण काही टक्क्यांवर कोसळतं. सोबतची `counts.txt.summary` उघडून बघितली की चोर सापडतो.

सोयाबीनची खास अडचण वेगळीच आहे. त्याच्या पूर्वजांचा जीनोम दोनदा अख्खा दुप्पट झाला, त्यामुळे सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांच्या एकाहून जास्त प्रती आहेत. दोन जुळ्या जनुकांवर सारखाच बसणारा रीड `featureCounts` मोजतच नाही. जुळ्या जनुकांचे आकडे त्यामुळे खरे आहेत त्याहून कमी येतात. `Salmon` असे रीड्स अंदाजाने वाटून देतं. जुळ्या जनुकांवरच काम असेल तर ते बरं.

फरक काढणं

कच्चे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. समजा पाचच जनुकं आहेत. ओल्या नमुन्यात १००, २००, ३००, ५०, ४० आणि कोरड्यात २००, ४००, ६००, १००, ८००. बेरीज ६९० आणि २१००, म्हणजे जवळपास तिप्पट. बेरजेने भागलं तर पहिली चार जनुकं तिसऱ्या हिश्श्याने घटलेली दिसतील, पाचवं साडेसहा पट वाढलेलं. पण पाचही गुणोत्तरं मांडा: २, २, २, २, २०. मधलं गुणोत्तर २, म्हणजे कोरडा नमुना नुसता दुप्पट वाचला गेला. २ ने भागल्यावर चार जनुकं जागच्या जागी राहतात आणि पाचवं १० पट वाढतं. बहुतेक जनुकं बदललेली नाहीत, हे यामागचं गृहीतक. आर भाषेतलं `DESeq2` हे पॅकेज याच तत्त्वावर चालतं:

```
dds <- DESeqDataSetFromMatrix(counts, samples,
                              design = ~ batch + water)
dds <- DESeq(dds)
res <- results(dds, contrast = c("water", "dry", "wet"))
```

`batch` मध्ये आरएनए काढल्याचा दिवस. आकडे कच्चेच द्यायचे. आधीच भागलेले दिले की गणित बिघडतं.

यादी उघडण्याआधी `plotPCA` काढा, म्हणजे सारखे नमुने जवळ आणि वेगळे नमुने लांब दाखवणारा आलेख. ओले एका बाजूला, कोरडे दुसऱ्या बाजूला दिसायला हवेत. एखादा कोरडा नमुना ओल्यांत जाऊन बसला असेल तर लेबल बदललंय, किंवा कुणीतरी दया येऊन त्या कुंडीला पाणी घातलंय.

यादीत `pvalue` नव्हे, `padj` बघायचा. ४०,००० जनुकं तपासली आणि एकातही खरा फरक नसला, तरी ५ टक्क्यांच्या चाळणीतून सुमारे २,००० जनुकं निव्वळ योगायोगाने वर येतात. `padj` त्याची भरपाई करतो. `log2FoldChange` ३.३ म्हणजे साधारण १० पट.

मग ओळखीची जनुकं शोधा. पाणी तुटलेल्या पानात प्रोलिन बनवणारं `P5CS` आणि डिहायड्रिनची जनुकं वाढायला हवीत. ती जागची हललीच नसतील तर आकडेमोडीआधी कुंडीतली माती खरंच कोरडी होती का ते बघा. नव्या, अनपेक्षित नावांपैकी चार-पाच निवडून क्यूपीसीआरने तपासावीत, आणि जमलं तर पुढच्या हंगामात नव्याने लावलेल्या कुंड्यांतून. त्याच नळीतला आरएनए पुन्हा मोजला तर यंत्र बरोबर चाललं एवढंच कळतं. आरएनए वाढला म्हणून प्रथिन तेवढंच वाढलं असंही नाही. ते वेगळं मोजावं लागतं.