प्लांट व्हिजिटला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत आणि ओळख कशी करून द्यावी

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये जपानी कस्टमरची माणसं वर्षातून तीन-चार वेळा येतात आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं माझ्या गळ्यात असतात. हॉल, चहा, सेफ्टी शूजचे साइज हे तुम्ही आदल्या दिवशी बघितलंच असणार.

स्वागत दोन वाक्यांत संपवा. बुके देऊ नका, हातात हेल्मेट घ्यायचंय त्यांना, शाल-नारळ निघताना. व्हिजिटिंग कार्डं मात्र बसायच्या आधीच, दोन्ही हातांनी द्या-घ्या, आलेलं कार्ड वाचा आणि टेबलावर समोर ठेवा, मागच्या खिशात कोंबू नका.

कंपनीची माहिती: चाळीस स्लाइड नकोत. आपला ब्रॅकेट हातात द्या, गाडीत कुठं बसतो ते एका फोटोत दाखवा, झालं.

आता खरी गोची, आपल्या माणसांची ओळख. पहिल्यांदा मी आठ जणांची नावं, लांबलचक हुद्दे, डिग्र्या सगळं वाचलं. दुभाषी प्रत्येक वाक्यानंतर बोलतो म्हणजे वेळ सरळ दुप्पट, पाच मिनिटांचं माझं भाषण दहावर गेलं आणि पाहुणे घड्याळ बघायला लागले. बरं एवढं करून शॉपमध्ये एकानं विचारलं की किती स्ट्रोकनंतर डाय ग्राइंडिंगला काढता, तर आमचे सगळे साहेब एकमेकांकडे बघतायत, आणि उत्तर माहीत असलेला टूल रूमचा सुपरवायझर मागे हाताची घडी घालून उभा. त्याची ओळखच मी करून दिली नव्हती, साहेब नाही ना तो!

तेव्हापासून मी असं करतो: सगळ्यात आधी प्लांट हेड, कारण त्यांच्याकडे मोठ्यांचा मान आधी. त्यानंतर मात्र हुद्दा सोडून द्यायचा, पाहुणे ज्या क्रमानं शॉपमधून फिरणार त्याच क्रमानं माणसं. कॉइल स्टोअर, प्रेस, टूल रूम, वेल्डिंग, शेवटी क्वालिटी. प्रत्येकाला एकच वाक्य: "हे टूल रूम बघतात, डायबद्दल काहीही असेल तर यांना विचारा." नाव घेतलं की त्या माणसानं उभं राहायचं, नाहीतर पाहुणे चुकीच्याच चेहऱ्याकडे बघून मान हलवतात.

आणि पाहुण्यांच्या आडनावानंतर 'सान' लावा पण आपल्या माणसांना लावू नका, परक्यांसमोर आपल्याच माणसाला मान देणं त्यांच्याकडे बसत नाही, आपल्याला "आमचे साहेब" म्हणायची सवय म्हणून हे हमखास चुकतं. ही सगळी वाक्यं दुभाष्याला आदल्या दिवशी लिहून द्या, 'ब्लँकिंग' आणि 'बर' असले शब्द त्याला ऐनवेळी सुचत नाहीत.

फोटो कुठं काढायचे नाहीत तेही हॉलमध्येच सांगून टाका. आत इअरप्लग घातल्यावर कुणाला काही ऐकू जात नाही.