एकाच संदर्भ फोटोवरून वॉलपेपर आणि पोस्टर: प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं

किल्ल्याच्या दरवाजाचा ४:३ आडवा फोटो संदर्भ म्हणून दिला की एआय त्याची आडवी मांडणीही उचलतं. मग उभ्या चित्रात बुरूज कडेला कापले जातात. उपाय शब्दांतच आहे: संदर्भातून दगड, रंग आणि प्रकाश घ्या, मांडणी नवी करा, असं स्पष्ट लिहायचं.

फोनची स्क्रीन १०८०×२४०० असेल तर प्रमाण ९:२०. मिडजर्नीत शेवटी हे जोडा:

```
--ar 9:20
```

टूल फक्त २:३ देत असेल, तर नंतर कापताना रुंदीचा जवळजवळ तिसरा भाग जातो. म्हणून दरवाजा मध्यावर आणि दोन्ही बाजूंना साधी भिंत मागा. वरचा एक तृतीयांश भाग मोकळं आकाश हवा, नाहीतर घड्याळाचे आकडे कमानीवर बसतात.

पोस्टरचं गणित वेगळं. २४×३६ इंच म्हणजे २:३. इथे ‘8K, 300 DPI’ लिहून पिक्सेल वाढत नाहीत, फार तर चित्र उगाच करकरीत दिसतं. (हे दोन शब्द लोक मीठ घातल्यासारखे घालतात.) १०२४×१५३६ चं चित्र थेट छापलं तर इंचाला जेमतेम ४३ पिक्सेल मिळतात. चौपट अपस्केल केल्यावर ४०९६×६१४४, म्हणजे सुमारे १७०. भिंतीवर दोन हातांवरून बघायला पुरेसं. अपस्केलनंतर १०० टक्क्यांवर दगडांचे सांधे तपासा. तिथे मेणासारखा गुळगुळीतपणा दिसला तर अपस्केलरची डिटेल पातळी बदलून पुन्हा काढा. कडेने ३ मिमी ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापली जाणारी जादा पट्टी, सोडायची असते, त्यामुळे बुरूज काठाला टेकवू नका.