ठिबकचे मॅन्युअल लिहिताय? ‘व्हॉल्व्ह’ नक्की कोणता ते आधी ठरवा

नाशिकच्या द्राक्षबागेत व्हेंचुरीतून खत सोडायला नवा गडी उभा राहतो आणि हातातल्या पुस्तिकेत वाचतो: “व्हॉल्व्ह योग्य प्रमाणात बंद करून दाबातील फरक निर्माण केल्यावर खत शोषले जाईल, तत्पूर्वी इनलेट व आउटलेट उघडे असल्याची खात्री करावी.”

या एका वाक्यात सगळ्या चुका आहेत. सर्वांत वाईट म्हणजे ‘तत्पूर्वी’. माणूस वाचत वाचत हात चालवतो. स्वल्पविरामापर्यंत येईतो त्याने मुख्य लाइन आवळलेली असते, व्हेंचुरीचे दोन्ही व्हॉल्व्ह मात्र बंदच. पाण्याला वाट उरत नाही, पंपाकडच्या गेजचा काटा चढतो आणि एखादा कच्चा जोड गळू लागतो. मग दोष गड्याला! आधी करायचे ते आधी लिहा. ‘पूर्वी’, ‘तत्पूर्वी’, ‘त्याआधी’ दिसले की ते वाक्य मोडायचेच.

दुसरी चूक ‘व्हॉल्व्ह’. इथे ते चार आहेत. लेखकाला चित्र पाठ असते, वाचणाऱ्याला नसते. आकड्यांच्या पट्ट्या खऱ्या व्हॉल्व्हना बांधा आणि तेच आकडे पुस्तिकेत वापरा: 1 मुख्य लाइन, 2 व्हेंचुरीत पाणी जाते तो, 3 बाहेर येते तो, 4 खताच्या नळीचा कॉक. मग सुरुवातीला 1 पूर्ण उघडा आणि बाकी तिन्ही बंद धरून असे लिहिता येते:

1. पंप सुरू करा.
2. शेवटच्या लॅटरलच्या ड्रिपरमधून पाणी पडेपर्यंत थांबा.
3. व्हॉल्व्ह 3 पूर्ण उघडा.
4. व्हॉल्व्ह 2 पूर्ण उघडा.
5. नळीचे जाळीचे टोक विरघळलेल्या खतात बुडवा.
6. व्हॉल्व्ह 1 चे चाक अर्धा फेरा आवळा.
7. कॉक 4 उघडा.
8. बादलीतली पातळी पाहा. उतरली, तर ठीक. चढली किंवा हलली नाही, तर कॉक 4 बंद करा आणि पायरी 6 पासून पुन्हा करा.

पातळी चढणे म्हणजे दाबातला फरक कमी पडला आणि पाणी उलटे बादलीत येते आहे. ‘योग्य प्रमाणात’ याचा अर्थ हाच, पण तो डोळ्यांना दिसेल असा लिहावा लागतो. चाकाऐवजी मुठीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर ‘अर्धा फेरा’ चालणार नाही. तो पाव फेऱ्यातच पूर्ण बंद होतो. तिथे ‘मूठ बोटभर सरकवा’ असे लिहा.

‘करावा’, ‘करण्यात यावा’ नको, ‘करा’ पुरे.

इशारा पायरीच्या वर. खाली लिहिलेला वाचेपर्यंत उशीर झालेला असतो.

बंद करायच्या पायऱ्या वेगळ्या लिहा. ‘उलट क्रमाने करा’ हा निव्वळ आळस. खत संपत आले की, नळीने हवा ओढण्याआधी कॉक 4 बंद, मग व्हॉल्व्ह 1 पूर्ण उघडा, मग 2 बंद, मग 3 बंद, आणि त्यानंतर नुसते पाणी 15 मिनिटे.

छापण्याआधी पुस्तिका अशा माणसाच्या हाती द्या ज्याने व्हेंचुरी पाहिलेलीच नाही, आणि शेजारी गप्प उभे राहा. तो जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, ती पायरी पुन्हा लिहा.